डीनॉइज वाढवला की खिडक्या हलतात, कमी केला की भिंत बदलत नाही

ओसरी

नमस्कार मंडळी. एकाच जागी अडकलोय, म्हणून धागा काढतोय.

तीन मजली घराचा समोरून, अगदी सरळ काढलेला फोटो आहे. पांढरट गिलावा, तळमजल्यावर मधोमध कमानीचं दार आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक खिडकी. वरच्या दोन मजल्यांवर पाच-पाच खिडक्या, सगळ्यांना उभे गज. वर गच्चीचा कठडा. घरमालकांना दाखवायचंय की तळमजल्याला उघड्या विटांचं काम केलं आणि सगळ्या खिडक्यांना लाकडी झडपा बसवल्या तर घर कसं दिसेल. बाकी काही हलायला नको. खिडकी जिथे आहे तिथेच, कठड्याची रेघ आहे तशीच.

एसडीएक्सएल हे चित्र काढणारं एआय मॉडेल वापरतोय, फोटो १०२४ बाय १०२४ ला कापलेला. सीड पक्की ठेवून फक्त `Denoising strength` बदलत गेलो.

०.३ ला फोटो जवळपास तोच. गिलाव्यावरचे डाग पुसले गेले, बाकी फरक नाही.

०.४५ ला भिंत पांढरीच, पण गजांची संख्या बदलली आणि काही गज मधेच संपतात.

०.६ ला तळमजल्यावर विटांच्या रेघा उमटल्या, पण विटा पांढऱ्या. सगळ्यात वरच्या मजल्यावर पाचाच्या चार खिडक्या झाल्या.

०.७५ ला विटा छान लाल, झडपाही सुरेख. पण ते घर दुसऱ्याच कुणाचं.

०.६ आणि ०.७५ च्या मधे असा एखादा आकडा आहे का, जिथे विटा लाल होतील आणि खिडक्याही जागेवर राहतील?

पारवा_७

सोपं आहे. तुमचा प्रॉम्प्ट कमी पडतोय. डीनॉइज ०.४ वर ठेवा म्हणजे घर टिकेल आणि `CFG Scale` ७ वरून १४ करा म्हणजे विटा येतील. प्रॉम्प्टची ताकद म्हणजे तीच. माणसांच्या फोटोत कपड्यांचा रंग बदलताना मी असंच करतो, चेहरा हलत नाही.

चौकट

पारवा, `CFG Scale` ने प्रॉम्प्टची ओढ वाढते हे बरोबर. पण ओसरींची अडचण त्याने सुटणार नाही. ०.४ वर १४ दिला तर रंग भडक होतील, कडा करपल्यासारख्या दिसतील, भिंतीला फार तर गुलाबी झाक येईल. पांढरी भिंत विटकरी होणार नाही.

नावांचाही घोळ आहे, तो आधी बाजूला करू. हाच डीनॉइज काही ठिकाणी `strength` म्हणून दिसतो, काही ठिकाणी `prompt_strength` म्हणून, आणि तिथे १ म्हणजे मूळ फोटो पूर्ण पुसलेला. आणखी काही ठिकाणी `image_strength` असतं आणि ते नेमकं उलटं चालतं, १ च्या जवळ गेलात की फोटो जास्त टिकतो. त्यामुळे कुणी नुसता आकडा सांगितला तर तो कोणत्या नावाखालचा हे आधी विचारून घ्यावं.

आता मुद्द्याचं. ही स्लायडर प्रॉम्प्ट किती पाळायचा ते ठरवत नाही. फोटोवर किती नॉइज टाकून कामाला सुरुवात करायची, एवढंच ती ठरवते. कल्पना २०२१ च्या एसडीएडिटपासूनची आहे: कोऱ्या नॉइजपासून चित्र काढायला घेण्याऐवजी फोटोवर नॉइज टाकून मधूनच सुरुवात करायची. नॉइज सगळ्या फोटोवर सारखाच पडतो, पण त्यात टिकतं काय ते वस्तूच्या आकारावर ठरतं. समोरच्या इमारतीवर धुकं दाटत जातं तेव्हा आधी गज दिसेनासे होतात, मग खिडकीची चौकट, मग खिडक्या किती आहेत तेच कळत नाही, आणि सगळ्यात शेवटपर्यंत उरतो तो भिंतीचा मोठा पांढरा पट्टा आणि आकाशाला भिडलेली गच्चीची कड. नॉइजमध्येही हाच क्रम. गज दोन-चार पिक्सेलचा, तो लगेच बुडतो. भिंत हजारो पिक्सेलची, त्या सगळ्यांची सरासरी काढली की नॉइज एकमेकांत मिटतो आणि पांढरा रंग शिल्लक राहतो.

म्हणून तुमच्या चार चित्रांत जे दिसलं त्यात सीडचा दोष नाही. तुम्हाला सगळ्यात आधी भिंतीचा रंग बदलून हवाय आणि गज सगळ्यात शेवटपर्यंत राखायचेत. स्लायडर हेच उलट्या क्रमाने करते. ०.६ आणि ०.७५ च्या मधे तो आकडा नाही, दुसरीकडेही कुठे नाही.

ओसरी

हे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. मी ०.६२, ०.६४ असं करत बसलो होतो. मग मार्ग काय?

चौकट

रंगाचं काम स्लायडरवर सोडू नका, ते फोटोतच करून द्या. कुठल्याही फोटो एडिटरमध्ये तळमजल्याची भिंत निवडा, खिडक्या-दार सोडून, आणि वर विटकरी रंगाचा एक लेयर मल्टिप्लाय मोडमध्ये साधारण ७०-८० टक्क्यांवर टाका. मल्टिप्लाय अशासाठी की छज्ज्याखालची आणि चौकटीच्या आतली सावली तशीच खालून दिसत राहते. सपाट अपारदर्शक रंग फासला तर सावल्या जातात आणि मॉडेल त्या स्वतःच्या मनाने दुसरीकडे पाडतं.

त्या रंगावर थोडा दाणेदारपणा टाका. अगदी गुळगुळीत पट्टा कमी डीनॉइजला गुळगुळीतच राहतो, त्याला पोत फुटत नाही.

मग ०.४५ ते ०.५ वर चालवा. रंग आधीच तिथे आहे, मॉडेलला फक्त विटांचे सांधे आणि खडबडीतपणा भरायचाय, आणि बारीक पोत भरणं कमी डीनॉइजला नीट जमतं. गज मात्र ०.४५ ला बिघडणारच. त्यासाठी तयार चित्रावर मूळ फोटोतल्या खिडक्या मास्कने परत ठेवायच्या. मूळ पिक्सेलच परत आणले की त्यांच्या खरेपणाबद्दल वाद उरत नाही.

जुना_अल्बम

माझ्याकडे आमच्या शाळेच्या इमारतीचा कृष्णधवल फोटो आहे, खूप धूसर. तो स्पष्ट करायचा आहे. मग मीही ०.४५ ठेवू का? दारावरच्या पाटीवरची अक्षरं वाचता आली तर फार बरं होईल.

चौकट

जुना_अल्बम, तुमचं काम वेगळं आहे आणि त्यात जपून राहायला हवं. तुम्हाला नवं काही नको, होतं तेच हवंय. पण जे फोटोत नाहीच ते मॉडेल कुठून आणणार? पाटीवर अक्षरांसारखी दिसणारी काहीतरी आकृती काढून देईल आणि ती अगदी खरी वाटेल. ०.४५ ला तर नक्कीच. ०.१५-०.२ च्या वर जाऊ नका, आणि पाटीचा भाग मूळ फोटोतूनच परत ठेवा.

आणखी एक गोष्ट तुम्हा दोघांनाही उपयोगी पडेल. डीनॉइज शून्यावर ठेवला तरी बारीक अक्षरं थोडी बिघडतात, कारण फोटो आधी व्हीएईतून दाबला जातो. दोन्ही दिशांना आठाला एक, म्हणजे १०२४ चा फोटो आत १२८ चा होतो. तेव्हा आधी फोटो नुसता एन्कोड करून डीकोड करा, सँपलर मधे न घालता, आणि मूळ फोटोशी ताडून बघा. जे तिथेच बिघडलं त्यावर स्लायडर कितीही खाली आणली तरी उपाय नाही.

जुना_अल्बम

कळलं. पाटी आहे तशीच ठेवते. नाव चुकीचं आलं तर आमच्या बॅचमध्ये गोंधळच व्हायचा.

रेघोटी

मी वास्तुविशारद आहे, आणि चौकट यांच्या पद्धतीशी पूर्ण सहमत नाही. रंग फासून ०.४५ वर चालवलेलं चित्र मला नेहमी घाबरट वाटतं. जुन्या गिलाव्याचा पोपडा विटांमधून डोकावतो, उजेड तोच दुपारचा मेलेला राहतो. मालकाला नवी कल्पना दाखवायची तर चित्राला मोकळीक हवी.

मी डीनॉइज ०.८५ वर नेते आणि घराला कंट्रोलनेटने बांधून ठेवते. भूमिती वेगळ्या वाटेने जात असली तर नॉइजने ती बुडाली तरी बिघडत नाही. मात्र कोणता कंट्रोलनेट हे इमारत बघून ठरवावं. `mlsd` फक्त सरळ रेघा पकडतो, कठडा आणि चौकटींना उत्तम, पण ओसरींच्या दारावरची कमान त्याला दिसणारच नाही, तिथे चौकोनी दार येऊ शकतं. `canny` कमान पकडेल, पण गिलाव्याच्या भेगा, विजेच्या तारा, सावल्यांच्या कडाही पकडेल, आणि मग त्या भेगांच्या रेघांवरून मॉडेल विटांचे सांधे जुळवायला जातं. `depth` ने घराचं वस्तुमान टिकतं, खिडक्यांची नक्षी मोकळी राहते. ओसरींनी `canny` घ्यावा, पण त्याआधी कडांच्या चित्रातून तारा आणि भेगा काळ्या ब्रशने पुसून टाकाव्यात. वजन ०.८, आणि `Ending Control Step` ०.७ च्या आसपास, म्हणजे शेवटचा पोत मोकळा भरला जातो.

पारवा_७

मग डीनॉइज १ च का नाही करायचा? कडा तर कंट्रोलनेट सांभाळतोय.

रेघोटी

करता येतो. पण १ ला मूळ फोटोचा रंग आणि उजेड दोन्ही जातात. आकाश कोणतंही येईल, शेजारच्या घराची भिंत कोणत्याही रंगाची होईल. ०.८५ ला त्यांची पुसट आठवण राहते, आणि मालकाला घर आपलं वाटण्यासाठी तेवढी पुरते.

चौकट

रेघोटी ताई, कल्पना मांडायला तुमची पद्धत चांगलीच आहे. पण कंट्रोलनेट रेघा जागेवर ठेवतो, रेघेच्या आत काय आहे ते नाही. `canny` ची चौकट तीच राहून आत खिडकीऐवजी कोनाडा किंवा बंद फळी आलेली मी बघितली आहे. ओसरींनी सुरुवातीलाच लिहिलंय की बाकी काही हलायला नको. त्या अटीत मूळ पिक्सेल जितके राखता येतील तितके राखावेत असं माझं मत आहे.

खटपट्या

एक तांत्रिक गोष्ट राहिली. इथे सगळे ०.४५, ०.६ असे आकडे देताय, पण दोघांचा ०.४५ सारखा असेलच असं नाही. कोडमधून चालवणाऱ्यांसाठी:

```
pipe(prompt=p, image=img, strength=0.45,
     num_inference_steps=40, guidance_scale=6.0,
     generator=g)
```

यात ४० पायऱ्या मागितल्या तरी प्रत्यक्षात १८ च चालतात, ४० गुणिले ०.४५. कॉम्फीयूआयमध्ये तसं नाही, तिथे `steps` मध्ये २० लिहिलं की `denoise` ०.४५ असला तरी २० पायऱ्या पूर्ण चालतात. सुरुवातीचा नॉइज दोन्हीकडे साधारण सारखाच, पण पहिल्या प्रकारात डीनॉइज खाली आणला की पायऱ्याच कमी पडतात आणि चित्र अर्धवट धुतल्यासारखं राहतं. लोक मग डीनॉइजला दोष देतात.

शेड्युलरचा फरक याहून मोठा. `karras` लावला तर कमी आकड्यांना नॉइज बराच कमी पडतो. ०.३ ला `normal` मध्ये सिग्मा ०.८ च्या आसपास असतो, `karras` मध्ये ०.३६ च्या, म्हणजे निम्म्याहून कमी. ०.५ च्या पुढे दोघे जवळ येतात. ओसरी, तुमच्या ०.३ ला काहीच का झालं नाही त्याचं कारण हे असू शकेल.

ओसरी

हो, `karras` च होता. `normal` करून ०.३ पुन्हा चालवला, आता गजही थोडे हलले.

आधी चौकट यांच्या पद्धतीने केलं. मल्टिप्लाय लेयर, दाणे, ०.४८, मग खिडक्या परत. तळमजला विटकरी झाला आणि घर ओळखू येतंय! मूळ फोटो वर ठेवून डिफरन्स मोडमध्ये बघितलं, वरचे दोन मजले जवळजवळ पूर्ण काळे, म्हणजे तिथे काही हललेलं नाही. कठड्याची रेघही काळी.

पण दोन गोष्टी खटकतात. विटा फार मोठ्या दिसतात, दगडी चिऱ्यांसारख्या. आणि झडपा आल्याच नाहीत, खिडक्यांच्या बाजूला नुसती तपकिरी सावली.

रेघोटी

विटांचं मोजून बघू. दार फोटोत किती पिक्सेल उंच आहे?

ओसरी

कमान सोडून साधारण २३०.

रेघोटी

दार २१०० मिलिमीटरचं धरू. विटेचा एक थर सांध्यासकट ७५ मिलिमीटर धरला तर दाराशेजारी २८ थर यायला हवेत. २३० भागिले २८, म्हणजे एक थर आठ पिक्सेलच्या किंचित वर. तुमच्या चित्रात किती थर मोजता येतात?

ओसरी

चौदा!

चौकट

ताईंचा हिशोब बघून कारण लगेच लक्षात येतं. व्हीएई आठाला एक दाबतो हे वर आलंच आहे. तुमचा विटेचा थर आठ पिक्सेलचा, म्हणजे आत तो जेमतेम एक घर उंच. त्या एका घरात वीटही मावायची आणि सांधाही. मॉडेल इतक्या बारीक थरांचा नियमित ताल धरू शकत नाही, म्हणून त्याने दुप्पट मोठी वीट धरली. डीनॉइज वाढवून हे सुटणार नाही, वाढवाल तर वीट आणखी मनमानी होईल.

तळमजला वेगळा कापून दुप्पट मोठा करून चालवा. इनपेंटमध्ये `Only masked` निवडलं तरी तेच होतं, मास्कपुरता भाग मोठ्या आकारात रंगवून परत खाली बसवला जातो. मग थर सोळा पिक्सेलचा होतो. यात एक गंमत लक्षात ठेवा: भाग मोठा केला की त्यातल्या वस्तूही पिक्सेलच्या हिशोबाने मोठ्या होतात, म्हणून त्याच ०.४८ ला खिडक्या-दार पूर्वीपेक्षा जास्त टिकतात. ०.५५ पर्यंत जायला हरकत नाही. नंतर पुन्हा थर मोजा. पंचवीस ते तीस आले तर ठीक.

खटपट्या

मास्कची कड मऊ ठेवा, नाहीतर पहिल्या मजल्याच्या पट्टीवर विटा आणि गिलाव्याच्या मधे चिरल्यासारखी रेघ येते. तिथे डिफरेन्शियल डिफ्यूजनही कामाचं आहे, त्यात राखाडी मास्क देता येतो आणि प्रत्येक पिक्सेलला वेगळा डीनॉइज मिळतो. भिंतीला पूर्ण, चौकटीजवळ कमी, काचेला शून्य.

रेघोटी

झडपांबद्दल. ओसरी, वरच्या मजल्यावर खिडकीची रुंदी किती आणि दोन खिडक्यांमधली भिंत किती?

ओसरी

खिडकी ७० पिक्सेल, मधली भिंत ५० च्या आसपास.

रेघोटी

मग झडपा बसतच नाहीत. दुपाखी झडप उघडली की प्रत्येक पाखं खिडकीच्या निम्म्या रुंदीचं, ३५. शेजारच्या खिडकीचंही ३५ त्याच भिंतीवर येणार. ७० हवेत, तुमच्याकडे ५० आहेत. ०.६ ला तुमची पाचवी खिडकी गेली ती नुसत्या नॉइजने गेली असं मला वाटत नाही. प्रॉम्प्टमध्ये उघड्या झडपा मागितल्यात, त्यांना जागा करायला मॉडेलने एक खिडकी कमी केली असावी. प्रॉम्प्टमधून झडपा काढून, तीच सीड ठेवून ०.६ चालवून बघा.

ओसरी

बघितलं. पाचही खिडक्या आल्या. मधली जरा डावीकडे सरकली आहे, पण पाच आहेत.

आणि विटा `Only masked` ने केल्या, ०.५२ वर. दाराशेजारी सत्तावीस थर. कमानीच्या वर मात्र विटा आडव्याच गेल्या आहेत, कमानीभोवती उभ्या वळायला हव्या होत्या.

चौकट

एका सीडवरून खिडकीचं कारण पक्कं म्हणवत नाही, पण ताईंचं म्हणणं पटण्यासारखं आहे. आणखी चार-पाच सीडवर झडपांसह आणि झडपांविना जोडी लावून बघा.

कमानीच्या विटांना पुन्हा तोच उपाय. कमानीभोवती उभ्या विटांच्या सात-आठ रेघा हाताने ओढा, मग तेवढाच भाग ०.४ वर.

रेघोटी

कमानीच्या माथ्यावरची मधली वीट आधी काढा, मग दोन्हीकडे खाली उतरा. विटांची संख्या विषम ठेवा, नाहीतर माथ्यावर सांधा येतो.

झडपांसाठी मालकांपुढे दोन पर्याय ठेवा. एक, घडीच्या झडपा, प्रत्येक पाखं मधे दुमडणारं. ते उघडल्यावर साडेसतरा पिक्सेल घेतं आणि ५० मध्ये दोन्ही बाजूंचं सहज मावतं. दोन, झडपा फक्त तळमजल्यावर, तिथे बाजूला भिंत भरपूर आहे.

चौकट

घडीच्या झडपा साडेसतरा पिक्सेलमध्ये कुठल्याच डीनॉइजवर नीट येतील असं मला वाटत नाही, मजला मोठा करून घेतला तरी. एक झडप नीट काढून ती दहा ठिकाणी चिकटवावी आणि वरून ०.२५ वर फक्त उजेड जुळवून घ्यावा.

रेघोटी

दहाही एकसारख्या चिकटवल्या तर खोट्या दिसतील. मी `depth` मध्ये झडपांची जाडी रंगवून ०.८ वर एकदा करून बघते, जमलं तर इथेच टाकते.